कंदील हे नाव मला कसं पडलं

नातीला लिहिलेलं पत्र आहे. तिला विचारून इथे टाकतोय. सांगलीजवळच्या हरिपूरच्या हळदीच्या पेवांवर हल्ली 'आपल्या पूर्वजांचं शीतगृह' अशा फार गोड गोड पोस्टी फिरतात, आणि नेमकी एक गोष्ट त्यात कुणी लिहीत नाही.

चि. पोरीस, अनेक आशीर्वाद.

परवा भर मांडवात त्या पांढऱ्या मिशीवाल्या गृहस्थांनी मला "ए कंदील!" म्हणून हाक मारली आणि तुझं तोंड बघण्यासारखं झालं. आबांना कुणी असं बोलू शकतं हे तुला झेपलंच नाही. बाई, हरिपुरात माझं खरं नाव फक्त शाळेच्या दाखल्यावर होतं.

माझे वडील पेवावर हमाल होते. पेव म्हणजे जमिनीत खणलेला रांजणच समज. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, पोट मोठं, खोली 20-25 फूट. हरिपूरची माती अशी घट्ट की विटांचं बांधकाम न करताही पेव उभं राहायचं. आत पाचट आणि चटया लावायच्या, सुटी हळद ओतायची, वर फरशी ठेवून मातीनं तोंड लिंपून टाकायचं. एकदा बंद झालं की आतली हवा हळूहळू खराब होते. कीड आणि बुरशी आतला प्राणवायू खाऊन टाकतात आणि मग स्वतःच मरतात. म्हणून तर हळद वर्षानुवर्षं टिकायची. पण किड्याला मारणारी ती हवा माणसालाही सोडत नाही. ती जड असते, तळाला बसते, आणि तिला ना वास ना रंग. आत उतरलेला माणूस ओरडतसुद्धा नाही, नुसता बसतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, आणि तोही तिथेच बसतो.

म्हणून आधी पेव उघडून ठेवायचं आणि मग दोराला कंदील बांधून आत सोडायचा. ते काम पोरासोरांचं, म्हणजे माझं.

त्या दिवशीच्या पेवातला अर्धा माल आधीच काढलेला होता आणि तोंड पुन्हा लिंपलेलं होतं. असं अर्धं पेव भरलेल्या पेवापेक्षा वाईट, कारण आत पोकळी मोठी आणि हळद खोल. सकाळी फरशी सरकवली. रस्त्यावर लॉरी उभी होती आणि अडत्याच्या मुकादमाला घाई होती. वडिलांनी कमरेला दोर बांधलासुद्धा. मी कंदील सोडला. दोन पुरुष खोलीपर्यंत झकास जळत होता.

"जळतोय की! उतरा," मुकादम म्हणाला.

"अजून हळदीला टेकला न्हाई," मी म्हणालो आणि दोर सोडत राहिलो. ज्योत आखडली, तांबूस झाली, काच काळी पडली आणि कंदील विझला.

मुकादम म्हणाला, वात खराब असेल. वर ओढला, काच पुसली, पेटवला. तोंडाशी तो पुन्हा छान जळला. खाली सोडला तर बरोबर त्याच खोलीवर विझला. वात खराब असती तर कंदील कुठेही विझला असता. एकाच ठिकाणी दोनदा विझतो म्हणजे तिथून खाली हवाच नाही. वडिलांनी काही न बोलता कमरेचा दोर सोडला आणि बिडी काढली.

दुपारपर्यंत सगळे बसून राहिले. नंतर कंदील हळदीला टेकला आणि बराच वेळ तसाच जळत राहिला, तेव्हा वडील उतरले. लॉरीचा खोळंबा झाल्यानं चिडलेला मुकादम जाता जाता म्हणाला, "मान्सापरीस ह्यो कंदीलच शाणा!" हमाल खो खो हसले. संध्याकाळपर्यंत गल्लीत झालं, दुसऱ्या दिवशी शाळेत.

तर ते टोपणनाव चेष्टेतूनच आलं. कौतुकबिवतुक काही नव्हतं. वडील मात्र मला त्या नावानं कधीच हाक मारत नसत.

आता माझं मत. पेव ही हुशारीची गोष्ट होती, वाद नाही. वीज नाही, औषध नाही, आणि हळद शाबूत. पण 'आपल्या पूर्वजांचं शीतगृह' असं लिहिणाऱ्यांना विचारावंसं वाटतं की त्यात उतरायचं कोण? पेवात माल व्यापाऱ्याचा असायचा आणि दोर हमालाच्या कमरेला. पोस्टींमधल्या फोटोंत मला पेवाचं तोंड दिसतं, दोर कुठेच दिसत नाही. 2005 च्या महापुरात पाणी पेवांत शिरलं, हळद कुजली, आणि बराच माल शीतगृहांकडे वळला. लोक हळहळले. माझे वडील असते तर हळहळले असते का, मला शंका आहे.

अजून एक. कंदील फक्त प्राणवायूचं सांगतो, विषारी वायूचं सांगत नाही, आणि जिथे पेट घेणारा वायू साठतो तिथे तर तोच घात करील. तेव्हा गटारात नाहीतर गोबरगॅसच्या टाकीत कुणी दिवा सोडून बघत असेल तर त्याला आधी थांबव. तिथे मोजायचं यंत्र लागतं, आणि वर दोर धरून माणूस लागतो.

तुझ्या आजीनं लग्न झाल्या झाल्या बजावलं होतं की घरात हे नाव चालणार नाही. भांडण झालं की मात्र तिला ते बरोबर आठवतं.

तुझा आबा