मेन स्विच खाली केला, तरी सोलर का चालत नाही? एका प्रतिक्रियेला उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया: “वायरमनला शॉक बसू नये म्हणून सोलर बंद होतो, एवढ्याने माझं समाधान झालं नाही. आमच्याकडे ३ किलोवॉटचं ऑनग्रिड आहे. लाइट गेल्यावर मी स्वतः मेन स्विच खाली केला, म्हणजे घराचा आणि खांबाचा संबंधच संपला. तरी इन्व्हर्टर ढिम्म. मग धोका कुणाला? गच्चीवर भर उन्हात ६ पॅनल आणि खाली आम्ही पुठ्ठ्याने वारा घेतोय. हा सगळा बॅटऱ्या खपवण्याचा उद्योग आहे. आमचा इलेक्ट्रिशियन म्हणतो, घरातल्या जुन्या इन्व्हर्टरच्या आउटपुटला सोलर जोडला की तो ‘लाइट आली’ समजून चालू होतो. हे का नाही लिहिलंत?”

नमस्कार. मेन स्विच खाली असेल तर वायरमनला तुमच्या घरातून धोका नाही, हा तुमचा मुद्दा बरोबर आहे. पण त्याने इन्व्हर्टरची अडचण सुटत नाही, कारण ऑनग्रिड इन्व्हर्टर स्वतः व्होल्टेज तयार करतच नाही. महावितरणच्या तारेवर जे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ आधीपासून असतात, त्यांची लय तो क्षणोक्षणी मोजतो आणि त्या लयीत पॅनलचा करंट आत ढकलतो. तारेवर काहीच नसेल तर कशाच्या लयीत ढकलायचा, हेच त्याला कळत नाही.

समजा, त्याचं हे बंद पडणं कुणी सॉफ्टवेअरमधून काढून टाकलं. ६ पॅनल प्रत्येकी ५४० वॉटचे धरले, तर दुपारी बाराला साधारण २४०० वॉट मिळत असतील, म्हणजे २३० व्होल्टला सुमारे १०.४ अँपिअर. घरात त्या वेळी पंखे, फ्रिज, वायफाय आणि टीव्ही मिळून ६०० वॉट लागतायत. एरवी उरलेले १८०० वॉट नेट मीटरमधून बाहेर जातात. मेन बंद असताना ते जाणार कुठे? इन्व्हर्टर तर १०.४ अँपिअर ढकलायच्याच बेतात आहे. ६०० वॉटच्या साध्या लोडमधून तेवढा करंट घालायचा म्हटलं, तर ओहमच्या नियमाने ९०० व्होल्टच्या वर उत्तर येतं. प्रत्यक्षात तेवढं होत नाही. आतल्या डीसी व्होल्टेजची मर्यादा आडवी येते आणि त्याआधीच संरक्षण यंत्रणा त्याला बंद करते. पण फ्रिजच्या कार्डाला आणि एलईडी बल्बला जाळायला ९०० लागतही नाहीत.

उलट बाजूही तितकीच वाईट. फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो, अर्ध्या एचपीची पाण्याची मोटर पाच-सहा पट. पॅनलकडे साठा नसतो. त्या क्षणी जेवढं ऊन, तेवढीच वीज. वर एखादा ढग आला की २४०० वॉटचे काही सेकंदांत ५०० होतात. मागणी थोडी जरी पुढे गेली, तरी व्होल्टेज कोसळतं आणि सगळंच बंद पडतं. रोज हा कमी-जास्तीचा हिशेब बाहेरचं ग्रिड इतक्या सहज सांभाळतं, की आपल्या घरी असा काही प्रश्न आहे हेच जाणवत नाही. मेन खाली केलात की तो सांभाळणारा जातो. त्याच्या जागी दुसरा कुणीतरी हवा आणि घरात ते काम बॅटरी करते. बॅटरी विकणारे लोक चढ्या दराने विकतात, यावर माझं तुमच्याशी भांडण नाही. पण ही गरज त्यांनी शोधून काढलेली नाही.

वायरमनचं कारणही हलकं समजू नका. डीपीवरचा ट्रान्सफॉर्मर ११ हजार व्होल्टचे ४३३ करतो, आणि खालून वीज घातली तर तोच उलटा चालून वरच्या तारेवर ११ हजार चढवू शकतो. तुम्ही आठवणीने मेन पाडाल, पण त्या डीपीवरच्या प्रत्येक सोलरवाल्याची आठवण कोण तपासणार? म्हणून आयएस १६१६९ या मानकानुसार ग्रिड तुटल्यापासून २ सेकंदांच्या आत इन्व्हर्टरने स्वतःहून बाहेर पडावं लागतं. इथे एक गंमत आहे. गल्लीतला लोड आणि गल्लीतलं सोलर योगायोगाने नेमकं जुळलं, तर लाइट गेल्याचं नुसत्या व्होल्टेजवरून कळणारच नाही. म्हणून बरेच इन्व्हर्टर अधूनमधून फ्रिक्वेन्सीला हलकासा धक्का देऊन बघतात. ग्रिड असेल तर ती हलत नाही, नसेल तर सरकते. सरकली की इन्व्हर्टर बंद.

आता तुमच्या इलेक्ट्रिशियनच्या युक्तीकडे येतो. ती चालते, हीच तिची भानगड आहे. बॅटरीवर चालणारा जुना इन्व्हर्टर साइन वेव्ह असेल, तर सोलरला २३० व्होल्ट दिसतात, तो मिनिटभर खात्री करून घेतो आणि चालू होतो. इलेक्ट्रिशियन पैसे घेऊन जातो. पुढचं गणित तेच: सोलरचे २४०० वॉट, घराचे ६००, उरले १८००. ते आता जुन्या इन्व्हर्टरच्या आउटपुटमधून उलटे आत शिरतात. तिथला ट्रान्सफॉर्मर आणि मॉसफेट नावाचे इलेक्ट्रॉनिक स्विच ही वीज उलटी वाहू देतात, पण तिला आवर घालणारा कुणी तिथे नसतो, कारण चार्जिंगचं नियंत्रण मेन सप्लायच्या बाजूने वीज येईल असं धरून केलेलं असतं. १२ व्होल्टच्या बॅटरीकडे १८०० वॉट म्हणजे नुकसान वजा जाता १०० अँपिअरच्या वर. १५० एएचच्या ट्यूब्युलर बॅटरीला साधारण १५ अँपिअरने चार्ज करायचं असतं. पाणी उकळल्यासारखं बुडबुडतं, हायड्रोजन हा स्फोटक वायू सुटतो, आणि बॅटरी बहुधा जिन्याखाली बंदिस्त कोपऱ्यात असते.

काही घरांत मात्र लगेच स्फोट होत नाही. आउटपुटचं व्होल्टेज वर चढतं, सोलर ‘ग्रिड ओव्हर व्होल्टेज’ दाखवून बंद होतो, मिनिटाभराने पुन्हा चालू होतो, पुन्हा बंद. दिवे मधूनच जास्त उजळणं, पंख्याचा वेग बदलणं, बॅटरीपाशी उग्र वास, सोलरच्या स्क्रीनवर तोच दोष परत परत येणं, यातलं काहीही दिसलं तर घरात हीच जोडणी आहे असं समजा. छोट्या पेट्रोल जनरेटरवर सोलर जागा करण्याचीही हीच गत. उरलेली वीज जनरेटरला उलटी ढकलते.

मग दुपारच्या बॅकअपसाठी करायचं काय? आधी सांगा, लाइट जाते किती वेळ? जुना इन्व्हर्टर आणि १५० एएचची बॅटरी तुमच्याकडे आहेच असं दिसतं. १२ गुणिले १५०, म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास. बॅटरी पूर्ण रिकामी न करता आणि इन्व्हर्टरचं नुकसान वजा करून हातात १०५० ते ११०० पडतात. ३ साधे पंखे, काही दिवे आणि वायफाय मिळून ३०० वॉट धरले तर साडेतीन तास निघतात. ते ३ पंखे बीएलडीसी केले तर लोड १६५ वॉटच्या आसपास येतो आणि तीच बॅटरी सहा तासांच्या पुढे जाते. देखभालीसाठी दोन-तीन तास बंद असेल तर यापुढे जायची गरज नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. तेवढ्या वेळात सोलरचे पाच-सात युनिट बुडतील, ते बुडू द्या. ती बॅटरी असूनही तुम्ही पुठ्ठ्याने वारा घेत असाल, तर आधी बॅटरीचं पाणी आणि वय बघा, सोलरकडे नंतर वळा.

लाइट दिवसभर जात असेल, तर त्याच बॅटरीला एक वेगळं पॅनल आणि चार्ज कंट्रोलर लावता येतो. हे पॅनल सध्याच्या सहापैकी काढायचं नाही आणि नेट मीटरच्या बाजूला जोडायचंही नाही. १५ अँपिअरची मर्यादा पाळायची, म्हणजे २०० ते २५० वॉट पुरे. इथे दुकानदार हमखास ५४० वॉटचं मोठं पॅनल आणि स्वस्त पीडब्ल्यूएम कंट्रोलर गळ्यात मारतो. त्या पॅनलचं मोकळं, म्हणजे काहीच जोडलेलं नसतानाचं, व्होल्टेज ४९ च्या आसपास असतं. १२ व्होल्टचा साधा कंट्रोलर एकतर जळतो किंवा पॅनलला बॅटरीच्या व्होल्टेजला खेचून निम्म्याहून जास्त वीज वाया घालवतो. ३६ सेलचं, २२ व्होल्टच्या आसपासचं पॅनल घ्या, नाहीतर जास्तीचं व्होल्टेज वाया न घालवता खाली आणणारा एमपीपीटी कंट्रोलर.

फ्रिज, मिक्सर, कॉम्प्युटर सगळंच चालायला हवं असेल, तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि सुमारे ५ युनिट साठवणारी लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी. लाइट गेली की तो स्वतःला ग्रिडपासून तोडतो, स्वतःचं व्होल्टेज उभं करतो आणि काही मिलिसेकंदांत बॅकअपच्या तारांवर वीज देतो. बॅटरी भरली की पॅनलकडून घेणंच कमी करतो, त्यामुळे मघाचे १८०० वॉट तयारच होत नाहीत. ६ पॅनल ओळीने जोडलेले असतील तर त्यांचं मोकळं व्होल्टेज ३०० च्या जवळ जातं. बाजारातल्या बऱ्याच स्वस्त ‘सोलर इन्व्हर्टर’ना एवढं चालत नाही, म्हणून लेबलवरचा कमाल पीव्ही व्होल्टेज स्वतः वाचा. बदलण्याआधी महावितरणला कळवावं लागेल, कारण तुमची नेट मीटरची मंजुरी जुन्या इन्व्हर्टरवर आहे.

सध्याचा इन्व्हर्टर ठेवून शेजारी दोन्ही दिशांनी वीज हाताळणारा बॅटरी इन्व्हर्टर लावायचाही मार्ग आहे. बॅटरी भरली की तो मुद्दाम फ्रिक्वेन्सी ५० च्या वर नेतो आणि सोलरला मागे हटायला लावतो. म्हणजे इलेक्ट्रिशियनची युक्तीच, पण आवर घालणारा जागेवर असलेली. त्याची क्षमता सोलरपेक्षा कमी चालत नाही. तुमच्या ३ किलोवॉटला ५ केव्हीएचा घेतलेला बरा.

बॅटरीशिवाय काहीच नाही का, असं विचाराल. आहे, पण तोकडं. जर्मनीच्या एसएमए कंपनीने अमेरिकेतल्या काही इन्व्हर्टरना एक वेगळा सॉकेट दिला, ऊन असेपर्यंत जास्तीत जास्त २ किलोवॉट देणारा. एनफेजने २०२१ मध्ये आयक्यू८ हे एकेका पॅनलला लागणारे मायक्रोइन्व्हर्टर आणले, तेही उन्हात बॅटरीविना घर चालवू शकतात. तिकडे राहणाऱ्या वाचकांनी आपल्या इन्व्हर्टरवर ही सोय आहे का, ते जरूर बघावं. ढग आला की तीही बंद पडते, आणि फ्रिज चालू होताना दमछाक होते ती वेगळीच.

हायब्रिडकडे वळलात, तर बॅकअपच्या सर्किटांसाठी वेगळा डीबी आणि वेगळा न्यूट्रल घ्यायला लावा. एसी, गीझर आणि मोटर त्यात नको. जुन्या वायरिंगमध्ये न्यूट्रल सगळीकडे एकत्र केलेले असतात, मग लाइट गेल्यावर गळती ओळखून वीज तोडणारी आरसीसीबी पडत राहते आणि दोष नव्या इन्व्हर्टरवर जातो. काम झाल्यावर इलेक्ट्रिशियनला समोर उभं करून भर दुपारी मेन स्विच खाली करा, फ्रिज आणि मिक्सर चालवून बघा, आणि मगच उरलेले पैसे द्या.