कळा देणाऱ्या बाईला उताणं झोपवायचं का?

एक मेसेज फिरतोय: "पहिल्या टप्प्यात उताणं झोपवून ठेवा, पाण्याचा घोटही देऊ नका."

हा मेसेज चुकीचा आहे. असाइनमेंटमध्ये उतरवू नका, पुढेही पाठवू नका. उताणं झोपल्यावर जड गर्भाशय पोटातल्या मोठ्या शिरेवर दाब देतं, आईचं बीपी उतरतं आणि बाळाला रक्त कमी पोचतं. समजा, तिला गरगरतंय आणि बाळाचे ठोके १४० वरून १०४ वर आलेत. लगेच डाव्या कुशीवर वळवा, डॉक्टरांना बोलवा आणि हात धरून काय करतोय ते तिला सांगत ठोके पुन्हा मोजा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींनुसार जोखीम कमी असेल तर तिला हिंडूफिरू, खाऊपिऊ द्यावं; आवडीचं माणूस तर प्रत्येकीसोबत असावं. मात्र पाणमोट फुटून बाळाचं डोकं अजून खाली कटीत उतरलेलं नसेल, तर चालवू नका.