बायको प्लास्टरमध्ये असताना पोहे कसे बिघडवावेत

आधी निवृत्त व्हा, त्याशिवाय हा प्रयोग रंगत नाही. 34 वर्षं कचेरीत टेबलावर चहा आयता आलेला असावा आणि तो कुठून येतो हा प्रश्न एकदाही पडलेला नसावा. मग ऐन पावसाळ्यात न्हाणीत बायकोचा पाय घसरावा, घोट्याचं हाड मोडावं आणि डॉक्टरांनी सांगावं की प्लास्टर सहा आठवडे, पाय टेकायचा नाही. झाली तुमची बदली स्वयंपाकघरात. रुजू व्हा.

मी बेळगावात, शहापूर भागात राहतो. महाजन आयोगाचा अहवाल 1967 चा आणि सुप्रीम कोर्टातला दावा 2004 चा, हे मी झोपेत विचारलंत तरी सांगेन. मोहरी कुठल्या डब्यात आहे हे मात्र टक्क जागेपणीही सांगता येईना. तुमचंही असंच असेल तर तुम्ही या लेखाला पात्र आहात.

पहिलं काम बाजाराचं. यादी करू नका, बायकोला विचारू नका, ताठ मानेनं दुकानात जा आणि "अर्धा किलो पोहे" म्हणा. आमच्याकडे दुकानात मराठी चालतं, पण डब्यावर लिहिलेलं असतं अवलक्की. दुकानदारानं मला विचारलं, "दप्प की पेपर?" मला वाटलं, प्लास्टिकची पिशवी बंद झाली म्हणून बांधून कशात देऊ असं विचारतोय. मी उदारपणे म्हणालो, "पेपर चालेल की." पेपर अवलक्की म्हणजे कागदासारखे पातळ पोहे, चिवड्याचे, हे मला घरी आल्यावर कळलं. तेही पोहे भिजवल्यावर. कांदेपोह्यांना दप्प, म्हणजे जाड पोहे लागतात. पातळ पोह्यांना पाणी दाखवलं की ते पोहे राहत नाहीत, खळ होते. पतंग चिकटवायचे असतील तर जरूर पेपर आणा.

दुसऱ्या दिवशी जाड आणा आणि तेही बिघडवा. त्याची रीत सोपी आहे. दोन वाट्या पोहे पातेल्यात घ्या, वर भरपूर पाणी ओता आणि पेपर वाचायला बसा. हा पेपर खरा. अग्रलेख संपेपर्यंत पोह्यांचा गोळा होतो. भिजवणे या शब्दानंच आपल्याला फसवलंय, कारण पोहे खरं तर भिजवायचे नसतात, धुवायचे असतात. चाळणीत घेऊन नळाखाली दोनदा पाणी फिरवायचं, पाणी निथळू द्यायचं आणि दहा मिनिटं तसेच ठेवायचे. अंगाला राहिलेलं पाणी ते आपलं आपण पितात. दाणा चिमटीत दाबला की मोडावा, पण बोटाला चिकटू नये. मधे कडक टोचला तर पाण्याचा हबका मारता येतो. चिकटला तर काही करता येत नाही. मीठ, चिमूटभर साखर आणि हळद याच वेळी पोह्यांना चोळून घेतली की सगळीकडे सारखी लागते. मी हळद कडकडीत तेलात टाकली होती. ती जळून पोह्यांना कुंद्याचा रंग आला. बेळगावची शान राखली म्हणायची.

आता फोडणी. इथे सगळ्यात महत्त्वाचा सल्ला असा, की आतल्या खोलीचं दार आधी लावून घ्या. मी लावलं नाही. बायको पलंगावर, पाय उशीवर, तिला कढई दिसत नाही. मी तेल ओतलं आणि लगेच मोहरी टाकली. सगळं शांत. आतून आवाज आला, "अहो, मोहरी घातलीसा काय?"

"घातली."

"मग ती तडतडूलाली का नाही? तेल तापलं नाही अजून."

तोवर मी घाबरून जिरं, मिरची, कांदा सगळं वर लोटलं होतं. न तडतडलेली मोहरी दाताखाली कडू लागते, हे मी त्या दिवशी स्वतःच्या ताटातून शिकलो. पुढे तिनं सांगितलं की आधी मोहरीचे दोन दाणे टाकून बघायचे. ते लगेच उडाले तरच बाकीचे टाकायचे, आणि तडतड थांबत आली की जिरं. शेंगदाणे त्या आधीच तेलात लालसर परतून काढून ठेवायचे, नाहीतर कांद्याच्या पाण्यात ते मऊ पडतात. कांदा काचेसारखा दिसला की पुरे. हे सगळं ती भिंतीपलीकडून चालवायची. चर्र आवाज मोठा आला तर "गॅस बारीक करा", आवाज बसला तर "आता पोहे घाला", वास आला तर "खाली लागलं बघा." मी कचेरीत साहेबांच्या पावलांवरून त्यांचा मूड ओळखायचो, त्याचा मला फार अभिमान होता. ही कांद्याचा मूड ओळखत होती.

पोहे घातल्यावर झाकण ठेवून मंद आचेवर दोन-तीन मिनिटं वाफ द्यावी लागते. ती तुम्ही देऊ नका. सतत ढवळत राहा, म्हणजे काम केल्यासारखं वाटतं आणि दाणे मोडतात. लिंबूही चालू गॅसवरच पिळा, चव कडवट व्हायला तेवढीच मदत.

चहाचं थोडक्यात सांगतो, कारण तिथे मी एकच चूक केली, फक्त ती सलग चार दिवस केली. दूध, पाणी, साखर, पावडर आणि ठेचलेलं आलं, सगळं एकदमच पातेल्यात घालून मंद गॅसवर ठेवायचं. चहा तापत आला की वर पांढरे कण तरंगायला लागतात. चहा फाटला. मी दूधवाल्याशी भांडलो. तो बिचारा म्हणाला, "काका, बाकीच्या गल्लीत फाटत नाही." कच्च्या आल्यात दूध फाडणारा गुण असतो आणि तो उकळल्यावर जातो. म्हणून आलं आधी पाण्यात खळखळून उकळायचं, मग पावडर, आणि दूध शेवटी. दोन कपांना सव्वा कप पाणी आणि पाऊण कप दूध. हे मला बायकोनं पाचव्या दिवशी सांगितलं. आधी का नाही सांगितलं विचारलं, तर म्हणाली, "तुम्ही भांडून येईपर्यंत मला जरा झोप लागत होती."

सहा आठवड्यांनी प्लास्टर कापलं. आणखी काही दिवस वॉकर धरून चालणं झालं आणि एका सकाळी ती ओट्यापाशी जाऊन उभी राहिली. "आज तुम्ही बसा, मी करते." अशा वेळी तुम्ही मुकाट बसा. पेपरात डोकं घाला, घराण्याची अब्रू सांभाळा, कान बंद ठेवा. मी बसलो. आत कढई ठेवल्याचा आवाज आला, तेल ओतल्याचा आला, मोहरीच्या डब्याचं झाकण वाजलं. मग काहीच वाजेना.

मी पेपर खाली ठेवला.

"अगं, मोहरी घातलीस काय?"

आत जरा वेळ शांतता.

"घातली. या आत, आणि गॅस मोठा करा. मला वाकवत नाही."