वाढीव घरपट्टी भाडेकरूच्या गळ्यात कशी बांधावी

बाजारपेठेत आजोबांनी बांधलेला एखादा गाळा तुमच्या नावावर लागलाय, तुम्ही राहता मुंबईकडे, आणि गावात उगवता ते वर्षातून दोनदा, शिमग्याला नि गणपतीला? मग या, बसा. हे तुमच्यासाठीच लिहितोय. नगरपरिषदेने घरपट्टी वाढवली म्हणून तुम्ही झोप घालवायचं काही कारण नाही. खाली काजूगर नि कोकम विकणारा एक भाडेकरू तुम्ही कशासाठी ठेवलाय?

या विषयाचं शिक्षण मला नुकतंच मिळालं. गेल्या मंगळवारी शटर अर्धं वर गेलं होतं, तेवढ्यात मोबाईल वाजला. मालकांचा मेसेज. घरपट्टीच्या बिलाचा फोटो, आणि खाली, "आधी 11,000 होते, आता 34,000. करारानुसार फरकाचे 23,000 पाठवून द्या. बाकी पाऊस काय म्हणतो?"

पाऊस बरा म्हणतो.

तर पहिला सल्ला, कलम लिहिताना गावकराच्या गाऱ्हाण्याचा आदर्श ठेवा. गाऱ्हाण्यात कसं, बारा वाटा, बारा वेशी, कोणी म्हणजे कोणी सुटत नाही, आणि प्रत्येक वाक्याला समोरच्याने "व्हय म्हाराजा" एवढंच म्हणायचं असतं. माझ्या भाडेपट्ट्यातलं कलम असं आहे: "सदर मिळकतीचे नगरपरिषदेचे करात भविष्यात होणारी सर्व वाढ भाडेकरू यांनी सोसावयाची आहे." एक ओळ. 2021 साली मी सही करताना व्हय म्हाराजाच म्हटलं. तेव्हा माझं सगळं लक्ष डिपॉझिटच्या आकड्याकडे होतं.

या ओळीतली कारागिरी बघा. "मिळकत" म्हणजे माझा गाळा की तुमची अख्खी इमारत? लिहिलेलं नाही. "वाढ" म्हणजे कुठल्या आकड्यापासून? लिहिलेलं नाही. आणि "कर" म्हणजे नुसता कर, की त्याच्यावर चढलेला दंडसुद्धा? तेही नाही. तीन शब्द मोकळे सोडले की त्यात काहीही बसतं.

दुसरा सल्ला, बिलाचा फोटो पाठवताना फक्त तळाची बेरीज दिसेल असा काढा.

तिसरा, भाडेकरू असेसमेंटचा उतारा काढायला जाणार नाही, यावर श्रद्धा ठेवा.

इथे मात्र तुमचं गणित थोडं चुकलं. मी गेलो. अर्ज केला, फी भरली, दोन फेऱ्या झाल्या, तिसऱ्या फेरीला उतारा हातात पडला. मालमत्ता क्रमांक एकच, पण आत प्रत्येक भागाची आकारणी वेगळी. मालक सदरी तुम्ही, माझ्या गाळ्यापुढे भोगवटादार सदरी मी. जुन्या 11,000 मध्ये माझ्या गाळ्याचे 5,200 होते, शेजारच्या तुमच्या बंद गाळ्याचे 3,800 आणि वरच्या जुन्या घराचे 2,000. आता माझा गाळा 8,000, बंद गाळा 6,000 आणि वरचा मजला 14,000.

वरचा मजला 2,000 वरून 14,000 कसा झाला? त्याला बाल्कनी नि कमोड फुटले म्हणून झाला! दोन वर्षांपूर्वी तुम्ही जुनं कौलारू उतरवून पर्यटकांसाठी चार खोल्या काढल्या. आठ महिने माझ्या दुकानासमोर चिऱ्याचा ढीग होता, काजूच्या बरण्यांवर सिमेंट बसत होतं, आणि ऐन मे महिन्यात गिऱ्हाईक ढीग बघून पुढच्या दुकानात जात होतं. राहत्या घराची आकारणी वेगळी आणि पैसे घेऊन माणसं उतरवायच्या खोल्यांची वेगळी, ती बिगरनिवासी. म्हणून तो आकडा उडाला. खोल्यांचं भाडं तुमच्या खात्यात जातं. मे महिन्यात एका रात्रीचे तुम्ही काय घेता ते मला माहीत आहे, कारण चावी माझ्याकडे असते आणि टॉवेलसुद्धा मीच देतो. आणि त्या खोल्यांची घरपट्टी मी भरायची? का तर करारात "सदर मिळकत" लिहिलंय म्हणून?

हे झाले 28,000. मग बिल 34,000 चं कसं? फोटोत जे कापलं गेलं होतं ते उताऱ्यासोबत घेतलेल्या बिलाच्या प्रतीत सापडलं. घरपट्टीच्या बिलात थकबाकीचा रकाना वेगळा असतो नि चालू मागणीचा वेगळा. तळाला दोघांची बेरीज. थकबाकी होती 5,000, आणि तिच्यावर महिना 2 टक्क्यांनी दहा महिन्यांची शास्ती 1,000. ती जुनी पट्टी तुमच्या वाट्याची होती. मी भाडं दर महिन्याच्या पाच तारखेला देत होतो, ते घेऊन तुम्ही ती भरली नाहीत, आणि तुमच्या आळसाला जो दंड लागला त्याचं नाव आता "करवाढ".

बरं, वरच्या खोल्यांना परवानगी घेतली होती ना? विनापरवाना बांधकाम सापडलं तर घरपट्टीच्या दुप्पट शास्ती लावायची सोय कायद्यात आहे, आणि तीही त्याच बिलातून येते. म्हणजे पुढच्या वर्षी तुम्ही मला आणखी मोठा फोटो पाठवू शकाल.

चौथा सल्ला. हरकतीची नोटीस आली की ती टेबलाच्या खणात ठेवा. हा सगळ्यात सोपा नि सगळ्यात फायद्याचा. नगरपरिषद चार वर्षांनी फेरआकारणी करते, यादी लावते, हरकत घ्यायला 30 दिवस देते. नोटीस जाते मालकाच्या नावाने. पण मालकाने हरकत का घ्यावी? पट्टी भाडेकरूच भरणार आहे! ज्याच्या हातात कागद त्याला भरायचं नाही, आणि ज्याला भरायचं त्याला कागद दिसत नाही. माझ्या गाळ्याच्या मापात साठ चौरस फूट जास्त धरलेत. ते कुठून आले? पावसाळ्यात ओट्यावर झड येऊ नये म्हणून मी जे पत्रे बांधतो नि दिवाळीला काढतो, ते मोजणाऱ्याने बांधकाम म्हणून लिहिले. एक अर्ज आणि दिवाळीनंतरचा एक फोटो एवढ्यात ते कमी झाले असते. तुम्ही 30 दिवस नोटिशीवर चहाचा कप ठेवलात.

पाचवा, भाडं वाढवत राहा. गाळ्याला वर्षाचं किती भाडं यावं हे नगरपरिषद धरते, त्यातून 10 टक्के दुरुस्तीसाठी वजा करते आणि उरलेल्यावर कर बसवते. तेव्हा भाडं वाढलं की पुढच्या फेरआकारणीत पट्टीही वर जाते, आणि ती वाढही भाडेकरूचीच. आधी भाडेवाढ द्यायची, मग भाडेवाढ दिल्याबद्दल कर द्यायचा. (दुरुस्तीच्या त्या 10 टक्क्यांतून एकदा तरी मागच्या भिंतीची ओल बघा हो. कोकमाची पोती मी तीन वर्षं फळीवर ठेवतोय.)

सहावा, पावती स्वतःच्या नावाची घ्या आणि आयकरात घरपट्टीची वजावटही तुम्हीच घ्या. ती वजावट मालकाने स्वतःच्या खिशातून भरलेल्या कराची असते, असं माझ्या सीएने सांगितलं, पण तुमचा सीए वेगळा असेल.

सातवा, भाडेकरू कायदा काढू लागला तर "आपलं घरचं नातं आहे" म्हणा.

काढलाच मी कायदा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999. मालकावर नवा कर किंवा करवाढ आली तर त्याला भाडं वाढवता येतं, हे त्यात आहे, आणि मला ते मान्यही आहे. पण त्याच वाक्याला पुढे शेपूट आहे: वाढ त्या जागेवरच्या कराच्या रकमेपेक्षा जास्त नको. त्या जागेवरच्या. खोल्यांवरच्या नाही, बंद गाळ्यावरच्या नाही. लिव्ह अँड लायसन्सवाल्यांना हा आधार नाही, त्यांना कागदावर जे लिहिलंय तेच, म्हणून त्यांनी तर ते कलम चष्मा लावून वाचावं.

हिशेब मी कागदावर मांडला. नवे 8,000, जुने 5,200, फरक 2,800. तुम्ही मागितले 23,000. शेजारच्या चपलांच्या दुकानवाल्याला दाखवला तर तो म्हणाला, "देऊन टाक ना, कशाला संबंध बिघडवतोस? मी दरवर्षी देतो." दरवर्षी! त्याने आजवर बिलाची प्रत मागितलेली नाही, उतारा बघितलेला नाही, फोटो येतो आणि हा पैसे पाठवतो.

आता पुरे झाली थट्टा. मालक, हे चूक आहे. तुमच्या खोल्यांचा कर तुमचा, तुमच्या थकबाकीवरची शास्ती तुमची, तुमचा बंद गाळा तुमचा. भाडेकरूला हिशेब कळत नाही असं धरून आकडा फेकायचा आणि वर पावसाची चौकशी करायची, ही रीत नव्हे. तुमच्या आजोबांनी माझ्या वडिलांकडून घरपट्टीचा एक पैसा जास्त घेतला नव्हता. बिल घेऊन दुकानात यायचे, गल्ल्यावर उलगडून ठेवायचे.

आणि आपण भाडेकरू तरी काय शहाणे? सही करताना एक वाक्य लिहून घ्यायला काय झालं होतं: फक्त या गाळ्याची आकारणी, अमुक साली अमुक रुपये, त्यावरचा फरक तेवढा भाडेकरूचा. मालकाच्या नव्या बांधकामाने आलेली वाढ, थकबाकी, शास्ती त्यात नाही. बिलाची प्रत दिल्याशिवाय मागणी नाही, आणि आकारणीची नोटीस आली की आठ दिवसांत भाडेकरूला द्यायची. स्टॅम्पपेपरवर चार ओळी जास्त. मी लिहून घेतल्या नाहीत. चपलावाल्याने आत्ता मागच्याच महिन्यात नवा करार केला, त्यानेही घेतल्या नाहीत.

2,800 मी पाकिटात घालून गल्ल्यात ठेवलेत, पाकिटावर मालमत्ता क्रमांक लिहून. गणपतीला याल तेव्हा पूर्ण बिल घेऊन या, न कापलेलं. आणि वरच्या खोल्यांचे टॉवेल यंदा तुम्हीच बघा.