छोटी लिंक एसएमएसमधून नेमकं काय लपवते

«एसएमएसमध्ये लिंक द्यायची तर बिनधास्त bit.ly सारखी लिंक छोटी करणारी सेवा वापरा. अक्षरं वाचतात, खर्च कमी होतो आणि कोणी क्लिक केलं ते नेमकं कळतं. मेसेज फसवा वाटेल ही भीती उगाच आहे. लिंक https असली की लोक विश्वास ठेवतात.»

हा सल्ला तपासून पाहू. आधी अक्षरांचा हिशोब करू, कारण त्या काळजीत तथ्य आहे. निव्वळ इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात. पण त्यात देवनागरीचं एक जरी अक्षर आलं तरी अख्ख्या मेसेजची मर्यादा ७० वर येते. ती ओलांडली की मेसेजचे तुकडे होतात, प्रत्येक तुकड्यात ६७ अक्षरं मावतात आणि पैसे तुकड्यागणिक लागतात. शिवाय मोजणी आपण वाचतो त्या अक्षरांची नसते. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं वेगवेगळं मोजलं जातं. ‘ऑर्डर’ वाचायला तीन अक्षरी, मोजणीत पाच. आता हा मेसेज घ्या:

```
अबक: ऑर्डर 4471 उद्या सकाळी येईल. वेळ बदला: go.example.com/K7mQ2xRt
```

मोकळ्या जागा धरून हा ६७ भरतो. त्यातली लिंक २३ ची आहे. तिच्या जागी bit.ly आणि पुढे सात अक्षरं घातली तर लिंक १४ ची होईल आणि मेसेज ५८ चा. नऊ अक्षरं वाचली, पण पैसे दोन्हीकडे एकाच मेसेजचे. म्हणजे लिंकमधलं आपलं नाव पुसून हातात काहीच आलं नाही. हाच मेसेज ‘प्रिय ग्राहक,’ ने सुरू केला असता तर तेवढ्यानेच १३ जागा खाल्ल्या असत्या. कात्री लावायची तर तिथे लावा. फसवणारे त्याच शब्दांनी सुरुवात करतात, कारण त्यांना माणसाचं काम, ऑर्डरचा नंबर, यातलं काहीच ठाऊक नसतं.

पुढे https:// लिहिलं तर आठ अक्षरं वाढतात, ६७ चे ७५ होतात आणि तुकडे दोन. म्हणून ते गाळावं. .com सारखा ओळखीचा शेवट असला की फोन तेवढ्यावरूनही लिंक ओळखतो. मात्र तेव्हा काही फोन आधी साध्या http ने दार ठोठावतात, तेव्हा सर्व्हरने तिथून लगेच https कडे वळवलं पाहिजे. पाठवण्याआधी दोन-चार जुन्या फोनवर लिंक निळी होते का तेही पाहून घ्या.

आता विश्वासाचं. मेसेज आला तेव्हा घेणाऱ्यापाशी पडताळायला काय असतं? वर दिसणारं पाठवणाऱ्याचं नाव खोटं घालता येतं, आणि तसं घातलं की तो मेसेज फोनमध्ये तुमच्या खऱ्या मेसेजांच्याच रांगेत जाऊन बसतो. मजकूर कोणीही लिहू शकतं. उरतं एकच, लिंकमधलं डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचं नाव. सावध माणूस पहिल्या तिरक्या रेघेच्या लगेच आधी काय आहे ते वाचतो. go.example.com मध्ये तिथे example.com आहे, तर example.com.go-track.net मध्ये go-track.net आहे, आणि पुढे लावलेलं ओळखीचं नाव निव्वळ मुखवटा आहे. छोटी लिंक नेमकी हीच पडताळणी काढून घेते. ती कोणाचीही असू शकते, आणि आपण ग्राहकाला ‘न पाहता दाब’ अशी सवय लावतो. उद्या भामट्याचा मेसेज येईल तेव्हा त्याला हीच सवय उपयोगी पडणार आहे.

https मुळे यातलं काहीही बदलत नाही. फोन आणि सर्व्हर यांच्यामधला रस्ता बंदिस्त आहे, एवढंच ते सांगतं. रस्त्याच्या टोकाला कोण बसलंय, याबद्दल ते काही बोलत नाही. २०१५ च्या अखेरीपासून लेट्स एन्क्रिप्टसारखी संस्था https साठी लागणारं प्रमाणपत्र फुकट आणि काही मिनिटांत देते. ते भामट्यालाही मिळतं.

bit.ly सारख्या सार्वजनिक सेवेचं डोमेन सगळ्यांचं सामाईक असतं, याची झळ दुसऱ्या बाजूनेही बसते. मोबाइल कंपन्यांचे फिल्टर डोमेनची पत पाहतात, आणि तिथे कोणीतरी तिसराच ती घालवून बसलेला असतो. तुमचा मेसेज ‘पाठवला’ म्हणून दिसतो, पण पोहोचत नाही. ओळखायचं कसं? तोच मजकूर एका लहान गटाला लिंकसह आणि दुसऱ्याला लिंकविना पाठवा आणि पोच-अहवाल शेजारी ठेवा. फरक ठळक दिसला तर दोष लिंकचा. शिवाय दुसऱ्याच्या सेवेचं आयुष्य आपल्या हातात नसतं. गुगलची लिंक छोटी करणारी goo.gl मार्च २०१९ मध्ये नव्या लिंकसाठी बंद झाली. .ly हे लिबियाचं डोमेन आहे, आणि २०१० मध्ये तिथल्या नोंदणी संस्थेने vb.ly ही लिंक छोटी करणारी सेवा काढून घेतली होती.

म्हणून मूळ डोमेनचंच, go.example.com सारखं, उपडोमेन घ्यावं. मूळ नाव फारच लांब असेल तर छोटं डोमेन विकत घेता येतं, पण मग ते मुख्य संकेतस्थळावर ‘हे आमचंच’ म्हणून जाहीर करावं आणि घेतल्या दिवशीच लाखभर मेसेज सोडू नयेत. नवंकोरं डोमेन फिल्टरला संशयास्पद वाटतं.

मागची यंत्रणा साधी असते. लिंकच्या शेवटची K7mQ2xRt सारखी खूण म्हणजे टोकन. एका तक्त्यात टोकन, ते जिथे न्यायचं तो पत्ता आणि मुदत ठेवायची, आणि विनंती आली की पत्त्याकडे वळवायचं. यात एक चूक वारंवार होते. तक्ता टाळण्यासाठी पत्ता लिंकमध्येच घालतात:

```
go.example.com/r?u=https://...
```

मग ‘u’ च्या पुढे कोणीही स्वतःचा पत्ता घालू शकतो. फसव्या पानाला तुमच्या खऱ्या डोमेनचं दार मिळतं, आणि डोमेन वाचणारा सावध माणूसच त्यात अडकतो. दुसरी चूक टोकन आखूड ठेवण्याची. लहान-मोठी इंग्रजी अक्षरं आणि अंक मिळून ६२ चिन्हं होतात. पाच जागांत त्यांची सुमारे ९२ कोटी रूपं होतात. ऐकायला खूप वाटतात, पण एक लाख लिंक चालू असतील तर साधारण दर नऊ हजार अंदाजांत एखादी कोणाची तरी लागते, आणि यंत्राला नऊ हजार अंदाज म्हणजे काहीच नाही. २०१६ मध्ये जॉर्जिएव्ह आणि श्मातिकोव्ह या संशोधकांनी अशाच आखूड टोकनांवरून लोकांच्या वनड्राइव्ह फायली आणि नकाशांवरचे प्रवास उघडून दाखवले होते. त्यानंतर गुगलने नकाशांची टोकनं ११-१२ अक्षरांची केली. आठ जागा घेतल्या की त्याच एक लाखांतली एखादी लिंक शोधायला दोनशे कोटींहून जास्त अंदाज लागतात. सोबत चुकीच्या टोकनांचा मारा करणाऱ्याला थोपवायची सोय हवी. ० आणि O, l आणि 1 ही गोंधळाची चिन्हं काढली तर फोनवर वाचून दाखवणंही सोपं जातं. एवढं करूनही टोकन म्हणजे ओळखपत्र नव्हे. पत्ता किंवा बिलासारखी खासगी माहिती दाखवायची तर पान उघडल्यावर ओळख पटवावीच लागेल. आणि मोबाइल नंबर लिंकमध्ये कधीही घालू नये. टोकन कोणाचं, हे फक्त आपल्या तक्त्याला माहीत असावं.

आता ‘नेमकं कळतं’ याबद्दल, कारण सगळ्यात मोठी फसगत इथेच होते. एका टोकनच्या नोंदी समजा अशा आल्या:

```
10:00:02 HEAD /K7mQ2xRt 302
10:00:02 GET  /K7mQ2xRt 302
10:41:37 GET  /K7mQ2xRt 302
```

मेसेज दहा वाजता गेला. दोन सेकंदांत आलेल्या पहिल्या दोन विनंत्या बहुधा माणसाच्या नाहीत. वाटेतला तपासणीचा फिल्टर किंवा लिंकचं पूर्वदर्शन बनवणारं ॲप आधीच आत डोकावून गेलं. माणूस ४१ मिनिटांनी आला. वळवण्याच्या विनंत्या मोजल्या तर तीन क्लिक दिसतील, खरा एक आहे. याउलटही होतं. वळवताना 301 दिलं तर तो ‘कायमचा बदल’ मानून ब्राउझर लक्षात ठेवू शकतो, आणि त्याच माणसाचा पुढचा क्लिक तुमच्यापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून ‘तात्पुरतं वळण’ सांगणारं 302 द्यावं आणि सोबत ‘साठवू नको’ सांगणारं Cache-Control: no-store. मी तीन आकडे वेगळे ठेवते: वळवण्याच्या विनंत्या, पानावरची स्क्रिप्ट चालून आलेल्या नोंदी, आणि प्रत्यक्षात वेळ बदललेल्या ऑर्डरी. काही यंत्रं स्क्रिप्टही चालवतात, त्यामुळे मधला आकडाही अंदाजच. निर्णय तिसऱ्यावर घ्यावा.

यंत्र आधी येऊन जातं याचा एक वाईट परिणाम मी जवळून पाहिला आहे. एका ठिकाणी मेसेजमधली लिंक उघडताच भेटीची वेळ रद्द होत असे. लोक फोन करू लागले की आम्ही काही दाबलंच नाही. ते खरं बोलत होते. बहुतेक भेटी मेसेज गेल्यापासून पाच सेकंदांच्या आतच रद्द झाल्या होत्या. नुसतं उघडल्याने काहीही बदलू नये. पानावर ‘रद्द करा’ हे बटण असावं आणि बदल ते बटण दाबल्यावर जाणाऱ्या POST विनंतीवरच व्हावा.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी आणखी एक खोच आहे. एकदा आमच्या नोंदींमध्ये सापडत नसलेल्या टोकनांची रांग लागली:

```
GET /K7mQ2xRt%E0%A4%B5%E0%A4%B0 404
```

शेपटीचा अर्थ लावला तेव्हा निघालं ‘वर’. मेसेजमध्ये लिंकला चिकटून ‘वर क्लिक करा’ लिहिलं होतं, आणि काही फोनांनी तो प्रत्ययही लिंकमध्येच धरला. पूर्णविराम चिकटवला तरी तसंच होऊ शकतं. म्हणून लिंक नेहमी शेवटी, आधी मोकळी जागा, पुढे काहीही नाही. ‘त्वरित’, ‘अन्यथा बंद होईल’ हेही नको. काय आहे आणि लिंकने काय करता येईल, एवढंच सांगावं. तेच काम ॲपमधून किंवा संकेतस्थळावर स्वतः जाऊनही करता आलं पाहिजे, म्हणजे ज्याला लिंक दाबायची नाही त्याचं अडत नाही.

मुदत संपलेली लिंक गुपचूप मुखपृष्ठावर वळवू नये. ‘ऑर्डरची वेळ बदलण्याची ही लिंक होती, मुदत संपली’ असं साधं पान ‘हे आता नाही’ सांगणाऱ्या 410 सह द्यावं. आणि ते टोकन पुन्हा दुसऱ्या कोणाला देऊ नये, कारण जुना मेसेज पहिल्या माणसाच्या फोनमध्ये तसाच पडलेला असतो.