तीन दिवसांत न उतरणारा आकडा

«बीपीची नवी गोळी तीन दिवस घेऊनही आकडा उतरला नाही, तर ती तुम्हाला लागू पडत नाही. चौथ्या दिवसापासून एकाच्या दोन घ्या, लगेच फरक पडतो. आणि एखादा दिवस गोळी चुकूनही काही झालं नाही, तर समजा की तिची गरजच नव्हती.»

सोलापुरात सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या गटांतून फिरत हा मजकूर नवी पेठेतल्या माझ्या औषध दुकानापर्यंत पोचला आहे. बीपीच्या गोळ्या अनेक आहेत; येथे मी अ‍ॅमलोडिपिन 5 मिलिग्रॅम या एकाच गोळीविषयी लिहितो, कारण हा मजकूर दाखवणाऱ्या बहुतेकांच्या पिशवीत तीच असते.

पहिल्या विधानामागे तापाच्या गोळीचा अनुभव आहे. पॅरासिटामॉलचे रक्तातील प्रमाण दोन-तीन तासांत निम्मे होते, म्हणून तिचा परिणाम त्याच दिवशी दिसतो आणि त्याच दिवशी ओसरतो. प्रमाण निम्मे होण्याच्या या काळाला अर्धायुकाल म्हणतात. अ‍ॅमलोडिपिनचा अर्धायुकाल साधारण 30 ते 50 तासांचा असतो. हिशेबासाठी तो 48 तास धरू आणि घेतलेली गोळी पूर्णपणे शोषली जाते असे मानू. मग शरीरात असलेल्या औषधापैकी सुमारे 29 टक्के दर दिवसाला बाहेर पडते. पहिल्या दिवशीच्या 5 मिलिग्रॅमपैकी दुसऱ्या दिवशी साडेतीन उरतात, त्यांत नवे 5 मिळून साडेआठ होतात, आणि तिसऱ्या गोळीनंतर 11. साठा वाढतो तसे बाहेर पडणारे औषधही वाढते, आणि साठा 17 मिलिग्रॅमवर पोचला की त्याचे 29 टक्के म्हणजे बरोबर 5 होतात. रोज जेवढे आत येते तेवढेच बाहेर जाते. ही स्थिर पातळी. तिच्या जवळपास पोचायला चार ते पाच अर्धायुकाल, म्हणजे येथे आठ ते दहा दिवस लागतात. तिसऱ्या दिवशी तुम्ही वाटेत, पातळीच्या 65 टक्क्यांवर असता. वय झालेल्या किंवा यकृताचा आजार असलेल्या माणसात औषध अधिक सावकाश बाहेर पडते, त्यामुळे ही वाट आणखी लांबते.

दुसरे विधान अधिक घातक आहे, कारण ते वरवर खरे ठरते. पूर्व भागातले एक यंत्रमाग कामगार माझ्याकडून पंधरा गोळ्यांची पट्टी घेऊन गेले आणि दहाव्या दिवशीच नवी मागायला आले. बीपीचा आकडा मस्त उतरला, असे त्यांनी आनंदाने सांगितले. मात्र उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत होती आणि घोट्यांवर मोज्यांच्या रबराचा खोल वळ होता. हिशेब असा. चौथ्या दिवशी उरलेल्या पावणेआठमध्ये 10 मिळाल्याबरोबर साठा 17 ओलांडून गेला. एक गोळी चालू ठेवली असती, तर तो त्याच पातळीकडे आठवडाभरात हळूहळू गेला असता. येथे मात्र तो थांबला नाही. नवव्या दिवशी तो 31 वर होता आणि 34 कडे निघाला होता. डोस वाढवल्याने स्थिर पातळी उंचावते, तिथे पोचण्याचा काळ तेवढाच राहतो. काही औषधांत सुरुवातीलाच मोठा डोस मुद्दाम देतात, पण तो एकदाच किंवा ठरावीक दिवस, आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली. रक्तदाब मात्र सावकाश उतरलेलाच बरा. अ‍ॅमलोडिपिनमुळे येणारी सूज बारीक रोहिण्या सैलावल्यामुळे असते, म्हणून ती लघवीच्या गोळीने फारशी हटत नाही. डोस कमी केल्यावर ओसरते.

तिसऱ्या विधानाला तोच 29 टक्क्यांचा हिशेब पुरतो. स्थिर पातळी गाठल्यावर एक गोळी चुकली, तरी त्या दिवसाच्या शेवटी साडेआठ मिलिग्रॅम शरीरात असतातच. काही जाणवले नाही, कारण आधीच्या गोळ्या काम करत होत्या.

उशिराचे कारण नेहमी अर्धायुकालच असते, असे मात्र नाही. पित्तावरच्या ओमेप्राझोलचा अर्धायुकाल जेमतेम तासाभराचा, तरी पूर्ण परिणामाला तीन-चार दिवस लागतात. कारण ते जठरातले आम्लाचे पंप कायमचे बंद करते आणि रोज काही नवे पंप सुरू होत राहतात.

गोळी लागू पडली की नाही हे पाहायचे असेल, तर पाच मिनिटे शांत बसून, रोज ठरलेल्या वेळी, उघड्या दंडावर मोजलेले आकडे दोन आठवडे वहीत लिहावेत आणि ती वही डॉक्टरांना दाखवावी. आकडा 180/120 च्या वर असून छातीत दुखत असेल, धाप लागत असेल किंवा बोलणे अडखळत असेल, तर वही बाजूला ठेवून तडक रुग्णालय गाठावे.

त्या कामगारांना मी गोळी न देता त्यांच्या डॉक्टरांकडे परत पाठवले. डॉक्टरांनी पुन्हा एका गोळीवर आणल्यावर जास्तीचे 14 मिलिग्रॅम दोन दिवसांत 7 झाले, चार दिवसांत साडेतीन. घोटे पूर्ववत दिसायला मात्र आठवडा गेला.