डीओसी तोट्यात नाही, वाटणी चुकली आहे

"इंदूरच्या सोया प्लांटवाल्यांनी लक्षात ठेवा. 100 टन सोयाबीनमधून 18 टन तेल आणि 75 टन डीओसी निघते, म्हणून खर्चही वजनानेच वाटा. तसा हिशेब केला की कळतं, डीओसी टनामागे 13 हजार तोट्यात जाते आणि सगळा नफा तेलात आहे. डीओसी हे शेवटी बायप्रॉडक्ट. 50 हजारांच्या खाली विकू नका, भाव येईपर्यंत गोदामात ठेवा. आणि क्रूड विकू नका, रिफाइंड करूनच विका, किलोला 6 रुपये जास्त मिळतात."

वरच्या अवतरणातला सल्ला ऐकायला सरळ वाटतो, पण तो चुकीचा आहे. डीओसी म्हणजे तेल काढून घेतल्यावर उरणारी सोयापेंड. आधी खर्च कुठपर्यंत सामाईक आहे ते पाहू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. सॉल्व्हंट प्लांटमध्ये दाणा साफ होतो, क्रॅकरमध्ये फुटतो, टरफल वेगळं होतं, फ्लेकरवर पातळ पापड्या होतात आणि त्या एक्स्ट्रॅक्टरमध्ये तेल विरघळवणाऱ्या हेक्झेनने धुतल्या जातात. तेल आणि डीओसी यांच्या वाटा फुटतात त्या एक्स्ट्रॅक्टरच्या तोंडाशी. एका पाइपने तेल-हेक्झेनचं मिश्रण, म्हणजे मिसेला, डिस्टिलेशनकडे जातं. दुसऱ्या बाजूने हेक्झेनने ओल्या पापड्या डीटीमध्ये, म्हणजे डिसॉल्व्हेंटायझर-टोस्टरमध्ये जातात. डिस्टिलेशन आणि डीगमिंग, म्हणजे तेलातला चिकट गम काढणं, यांचा खर्च एकट्या तेलाचा. डीटीची वाफ, कूलर, पोती हा खर्च एकट्या डीओसीचा. वाटायचा आहे तो फक्त त्याच्या आधीचा.

आता आकडे. भाव समजण्यासाठी धरलेले आहेत, आजचे छावणी मंडीतले नव्हेत. 100 टन दाणा टनाला 45,000 रुपयांनी, म्हणजे 45 लाख. एक्स्ट्रॅक्टरपर्यंतचा खर्च 1,19,000. एकूण 46,19,000. यातून 18 टन तेल, 75 टन डीओसी, 5 टन टरफल निघालं आणि 2 टन घट गेली. टरफल फाटा फुटण्याआधीच बाहेर येतं आणि त्याचे 60,000 मिळतात. ते सामाईक खर्चातूनच वजा करायचे, तेलातून किंवा डीओसीतून नाही. उरले 45,59,000, आणि वाद आहे तो एवढ्याच रकमेचा.

वजनाने वाटलं तर 93 टनांवर टनाला साधारण 49,022 रुपये बसतात. डीटी आणि पोत्यांचे टनामागे 1,000 मिळवले की डीओसीची कॉस्ट 50,022, विक्रीचा भाव 37,000. झाला 13 हजारांचा तोटा. बेरीज-वजाबाकी बरोबर आहे, पण गृहीतक विचित्र आहे: सोयाबीन विकत घेताना तेलाच्या किलोला आणि पेंडीच्या किलोला कोणी सारखाच भाव देतो. मंडीत 4,500 रुपये क्विंटलचा भाव निघतो, तो या दोन्हींच्या विक्रीतून काय हाती येईल हे बघून. म्हणून वाटणीही त्याच कसोटीवर बसते.

फाट्याशी तर दोन्हींपैकी काहीच विकता येत नाही. मिसेला कोण घेणार? म्हणून शेवटच्या विक्रीतून फाट्यानंतरचा खर्च वजा करून मागे यायचं. यालाच निव्वळ प्राप्य मूल्य म्हणतात. तेल: 18 टन गुणिले 1,13,000 म्हणजे 20,34,000, त्यातून डिस्टिलेशन-डीगमिंगचे 34,000 वजा, राहिले 20 लाख. डीओसी: 75 गुणिले 37,000 म्हणजे 27,75,000, त्यातून 75,000 वजा, राहिले 27 लाख. बेरीज 47 लाख. सामाईक खर्च त्याच्या 97 टक्के आहे, तेव्हा तेलावर 19,40,000 आणि डीओसीवर 26,19,000 बसले. पुढचा खर्च मिळवून तेलाची कॉस्ट टनाला 1,09,667 आणि डीओसीची 35,920. नफा तेलात 60,000, डीओसीत 81,000, एकूण 1,41,000. वजनाने वाटलं तरी एकूण नफा हाच येतो, फक्त तो तेलात 11 लाख 18 हजार नफा आणि डीओसीत 9 लाख 77 हजार तोटा असा फुगून दिसतो.

हा फरक कागदावरच राहत नाही. 31 मार्चला टाकीत 100 टन तेल पडून असेल, तर वजनाच्या हिशेबाने त्याचं मूल्य टनाला जेमतेम 50,910 धरलं जाईल, म्हणजे निम्म्याहून कमी. डीओसीचा साठा मात्र 50,022 ने लावता येणारच नाही, कारण लेखामानक 2 प्रमाणे साठा कॉस्ट किंवा निव्वळ प्राप्य मूल्य यांपैकी जे कमी त्यानेच धरायचा असतो. त्याच मानकात वाटणीसाठी सापेक्ष विक्रीमूल्याचं उदाहरण दिलेलं आहे. जे कराल ते तर्काला धरून आणि दरवर्षी तसंच, एवढी अट.

बायप्रॉडक्टचं म्हणाल, तर शेंगदाण्यात किंवा मोहरीत ते चाललं असतं. तिथे तेलाचा वाटा मोठा. सोयाबीनमध्ये तेल अवघं 18 टक्के, आणि वरच्या हिशेबात 47 पैकी 27 लाख डीओसीने आणले आहेत. तिला बायप्रॉडक्ट धरून सगळे 27 लाख वजा केले, तर तेलाची कॉस्ट 1,05,167 येते आणि डीओसीचा भाव टनाला 1,000 नी घसरला की तेल 4,167 रुपयांनी "महाग" होतं, तेलाच्या लाइनवर काहीही बदललेलं नसताना. खरं बायप्रॉडक्ट पाहायचं तर टरफल, किंवा डीगमिंगमधून निघणारा गम. गम तेलाच्या वाटेवर निघतो, तेव्हा त्याची वजावट तेलालाच.

50 हजारांच्या खाली विकू नका, हा सल्ला सगळ्यात महागात पडेल. 18 टन तेल हवं तर 75 टन डीओसी निघणारच, तिला "बंद" करण्याची सोय नाही. ती न विकता फार तर 75,000 वाचतात आणि 27,75,000 जातात. साठवायची तर व्याज, गोदाम आणि ओलावा राहिलेल्या ढिगाची तापण्याची भीती. भाव चढेल असं वाटत असेल तर ती सट्ट्याची गोष्ट झाली, कॉस्टिंगची नव्हे. दाणा घ्यायचा की नाही हे दोन्हींच्या एकत्र पॅरिटीवर, म्हणजे दोन्हींच्या विक्रीतून सगळा खर्च सुटतो का यावर ठरतं, आणि तिथे वाटणीची कुठलीही पद्धत लागत नाही. निव्वळ प्राप्य मूल्याची पद्धतही नाही: ती भावावरूनच कॉस्ट काढते, मग त्या कॉस्टवरून भाव ठरवणं म्हणजे आपलीच शेपटी पकडणं.

रिफाइंडच्या बाबतीतही 19,40,000 विसरा, ते खर्च झालेच आहेत. बघायचं फक्त पुढचं. रिफाइंड 1,19,000 ने विकलं आणि रिफायनिंगचा खर्च टनाला 3,500, म्हणून 2,500 सुटतात असं वाटतं. पण घट 3 टक्के धरली तर 18 टनांचे 17.46 टनच हाती येतात. त्यांचे 20,77,740, वजा खर्च 63,000, राहिले 20,14,740. क्रूड तसंच विकलं असतं तर 20,34,000. रिफायनिंगमध्ये निघणाऱ्या साबणी गाळाचे, म्हणजे सोपस्टॉकचे, 12,000 जमेला धरले तरी 7,260 कमीच. इथे निर्णय 6 रुपयांवर नाही, घटीवर फिरतो: बाकी सगळं तसंच ठेवून घट 2.6 टक्क्यांवर आणली, तर तेच रिफायनिंग जेमतेम फायद्यात येतं.